फुल अँड फायनलमध्ये उलट मीच कंपनीला २०,३०२ रुपये द्यायचे? रजेचा आणि नोटिशीचा हिशोब तपासून हवा आहे

रेवती_भोसरी · ५ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका ट्रेडिंग कंपनीत मी तीन वर्षं खरेदी विभागात होते. ३ नोव्हेंबरला ईमेलवर राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची आहे, पण नव्या ठिकाणी १५ डिसेंबरला रुजू व्हायचं होतं, म्हणून साहेबांशी बोलून १२ डिसेंबर हा शेवटचा दिवस ठरला. उरलेल्या दिवसांचे पैसे कापले जातील हे मला माहीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

३० डिसेंबरला जे स्टेटमेंट आलं ते पाहून मात्र धक्का बसला. महिन्याचा ग्रॉस ४८,००० आहे, त्यात बेसिक २४,०००. स्टेटमेंट असं:

जमा: डिसेंबरचे १२ दिवस १८,५८१. रजेचे पैसे ११ दिवस, रोज ८०० प्रमाणे ८,८००.
वजा: नोटीस २४ दिवस, रोज १,६०० प्रमाणे ३८,४००. त्यावर जीएसटी १८ टक्के ६,९१२. पीएफ २,१७१. व्यवसाय कर २००.
एकूण: मी कंपनीला २०,३०२ देणं.

सोबत 'हिशोब मान्य आहे, माझं काही येणं नाही' असा कागद सहीसाठी पाठवलाय. पैसे भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही असं एचआरनं फोनवर सांगितलं. रजा माझ्या मते जास्त शिल्लक होती. कुणी जाणकार नजर टाकेल का?

सुमित_के · ५ जानेवारी

ताई, सरळ चूक आहे. नोटीस पे नेहमी बेसिकवरच कापतात, ग्रॉसवर कापताच येत नाही. २४ दिवस गुणिले ८०० म्हणजे १९,२०० एवढेच व्हायला हवेत. आणि रोजचा दर काढताना २६ नं भागायचं असतं, हा कायदाच आहे.

प्रतिभा_सातारा · ५ जानेवारी

मलाही मागच्या वर्षी नोटीस पे मिळाला नव्हता. एका दिवसात काढून टाकलं, एक महिन्याचा पगार द्यायला हवा होता. तुम्ही लेबर ऑफिसला जा, मी गेले नाही आणि पैसे बुडाले.

विश्राम_पेरोल · ५ जानेवारी

प्रतिभाताई, तुमची बाब उलट्या बाजूची आहे. कंपनीनं नोटीस न देता काढलं तर पैसे कंपनीनं द्यायचे. इथं रेवतीताईंनी स्वतः नोटीस अर्धवट ठेवली आहे, त्यामुळे देणं त्यांच्याकडून आहे. तुमच्या प्रकरणाचा वेगळा धागा काढा, त्यातही बोलण्यासारखं बरंच आहे.

रेवतीताई, मी पिंपरी-चिंचवडमधल्या कंपन्यांचं पेरोल बरीच वर्षं केलं आहे. सध्या कशावरही सही करू नका आणि पैसेही भरू नका. या स्टेटमेंटमध्ये मला चार ठिकाणी शंका आहे, पण अपॉइंटमेंट लेटरमधले शब्द पाहिल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही. तीन गोष्टी लिहा. नोटिशीच्या कलमात नेमकं काय आहे, रजा विकण्याच्या कलमात काय आहे, आणि डिसेंबर २०२४ च्या पेस्लिपवर शिल्लक रजा किती दिसते.

सुमित, नोटीस बेसिकवरच असा काही सर्वसाधारण नियम नाही. पत्रात जे लिहिलंय त्यावर ते ठरतं. काही कंपन्या बेसिक लिहितात, पुष्कळ कंपन्या ग्रॉस लिहितात. २६ चं म्हणाल तर ग्रॅच्युइटीच्या कायद्यात २६ येतो, तो लोकांच्या डोक्यात बसलाय आणि सगळीकडे लावला जातो.

रेवती_भोसरी · ६ जानेवारी

लगेच उत्तर दिल्याबद्दल आभार. पत्र काढलं, इंग्रजीत आहे, मराठीत सांगते.

नोटीस: 'राजीनामा दिल्याच्या तारखेपासून ६० दिवस, किंवा कमी पडलेल्या दिवसांचं एकूण वेतन. कंपनीच्या संमतीनं शिल्लक रजा कमी पडलेल्या दिवसांत वळती करता येईल.'

रजा: 'वर्षाला १८ पीएल, दर पूर्ण महिन्याला दीड दिवस जमा. ४५ दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येतील. नोकरी सोडताना शिल्लक पीएलचे पैसे बेसिकवर, महिन्याचे २६ दिवस धरून.'

डिसेंबर २०२४ च्या पेस्लिपवर पीएल शिल्लक ९ आहे. २०२५ मध्ये मी ७ पीएल घेतल्या.

विश्राम_पेरोल · ६ जानेवारी

आता बोलता येईल. सावकाश जाऊ.

आधी रजा. मागच्या वर्षीच्या ९. जानेवारी ते नोव्हेंबर हे अकरा पूर्ण महिने, दीड प्रमाणे साडेसोळा. डिसेंबर पूर्ण झाला नाही म्हणून त्याची रजा जमा होत नाही. बेरीज साडेपंचवीस, त्यातून घेतलेल्या ७ वजा केल्या की शिल्लक साडेअठरा.

कंपनीनं ११ कुठून आणले ते पाहा. १८ वजा ७. म्हणजे त्यांनी चालू वर्षाच्या पूर्ण १८ धरल्या आणि मागच्या ९ सोडून दिल्या. हे नेहमी घडतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये 'चालू वर्ष' आणि 'मागील शिल्लक' हे दोन वेगळे रकाने असतात आणि एफएनएफची शीट बहुतेक वेळा पहिलाच उचलते. तुमच्या बाजूनं दीड दिवस जास्त धरला गेलाय, तोही तुम्हीच दाखवून द्या. आपण दोन्ही बाजू मांडल्या की समोरचा बाकीचं नीट वाचतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही अशी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, त्यामुळे ९ दिवस 'लॅप्स झाले' असं कुणी म्हणालं तर ते पत्रालाही धरून नाही आणि कायद्यालाही.

दर: पत्रात २६ स्पष्ट आहे, म्हणून २४,००० भागिले २६, म्हणजे ९२३ रुपये ८ पैसे. साडेअठरा दिवसांचे १७,०७७. कंपनीनं ३० नं भागून ८०० चा दर लावला तो चूक. इथं सुमितचा २६ बरोबर ठरतो, पण तो तुमच्या पत्रामुळे.

आता नोटीस. दिवस मोजायची सुरुवात राजीनामा दिल्याच्या तारखेपासून, म्हणजे ३ नोव्हेंबरपासून. नोव्हेंबरचे २८ आणि डिसेंबरचे १२, असे ४० दिवस तुम्ही भरलेत. रविवार आणि सुट्ट्या त्यातच येतात, कारण ६० हे कॅलेंडरचे दिवस आहेत. कमी पडले २०. कंपनी २४ म्हणते, म्हणजे त्यांनी ७ नोव्हेंबरपासून मोजलंय. त्या दिवशी काय घडलं होतं?

रेवती_भोसरी · ६ जानेवारी

७ तारखेला एचआरचा 'राजीनामा स्वीकारला' असा ईमेल आला होता! मला हे सुचलंच नव्हतं.

विश्राम_पेरोल · ६ जानेवारी

तेच. स्वीकारायला चार दिवस लागले ते कंपनीचे, तुमचे नाहीत. पत्रात 'दिल्याच्या तारखेपासून' असताना स्वीकृतीची तारीख चालत नाही. ३ तारखेचा मूळ ईमेल वेळेसकट पीडीएफ करून ठेवा. कंपनीचा मेलबॉक्स बंद झाला असेल तर साहेबांना किंवा स्वतःला पाठवलेली प्रत शोधा.

दर मात्र ग्रॉसच, कारण पत्रात एकूण वेतन म्हटलंय. ४८,००० भागिले ३०, म्हणजे १,६००. वीस दिवसांचे ३२,०००. हे कडू आहे, पण करारात आहे.

मंजिरी_जीएसटी · ६ जानेवारी

नोटिशीच्या रकमेवर जीएसटी पाहून राहवलं नाही म्हणून लिहिते. ३ ऑगस्ट २०२२ च्या सीबीआयसीच्या परिपत्रकात, क्रमांक १७८, हा विषय स्पष्टपणे घेतलेला आहे. नोकरी मध्येच सोडल्याबद्दल कंपनी जी रक्कम वसूल करते ती कुठल्या सेवेचा मोबदला नाही, त्यामुळे तिच्यावर जीएसटी नाही. त्याआधी काही अ‍ॅडव्हान्स रूलिंग उलट गेल्या होत्या, त्या काळात बऱ्याच कंपन्यांनी आपल्या शीटमध्ये १८ टक्क्यांची ओळ टाकून ठेवली आणि ती कुणी काढलीच नाही. ६,९१२ पूर्ण काढायला सांगा. हवं तर त्यांना विचारा की या रकमेचं टॅक्स इनव्हॉइस कुठे आहे. मी पाहिलेल्या एका प्रकरणात हा प्रश्न विचारताच ओळ गायब झाली.

सुमित_के · ६ जानेवारी

जीएसटीचं मला माहीत नव्हतं. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत ना? त्यात बेसिक हे एकूण पगाराच्या निम्मं धरावं लागतं. मग रजेचे पैसे जास्त नाही का होणार?

विश्राम_पेरोल · ७ जानेवारी

ज्यांचं बेसिक तीस-पस्तीस टक्के ठेवलंय त्यांच्यासाठी हा प्रश्न खरा आहे. भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग कोडच्या व्याख्येतल्या वेतनात मिळवावा लागतो. रेवतीताईंचं बेसिक नेमकं निम्मं आहे, त्यांना फरक पडत नाही. पत्रात 'बेसिक' लिहिलेलं असताना करारातल्या जास्तीच्या रजेलाही ही व्याख्या लावायची का, यावर मात्र पेरोलवाल्यांत आजही दोन मतं आहेत.

वेतन संहितेतली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची. राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. १२ डिसेंबरला सुटलेल्या माणसाला ३० तारखेला स्टेटमेंट, हा उशीर आहे. ईमेलमध्ये एका वाक्यात ते नमूद करा.

हेमंत_चिंचवड · ७ जानेवारी

पीएफकडे कुणी पाहिलं नाही. १२ दिवसांचं बेसिक ९,२९० होतं, त्याचे १२ टक्के १,११५. कंपनीनं २,१७१ कापलेत. म्हणजे रजेच्या ८,८०० वरही पीएफ लावलाय. रजेच्या पैशावर पीएफ नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे.

अनघा_जो · ७ जानेवारी

पण पीएफ कापला तर बिघडलं कुठे? पैसे आपल्याच खात्यात जातात, वर कंपनीही तेवढेच घालते. मी तर गप्प बसले असते.

हेमंत_चिंचवड · ७ जानेवारी

कंपनीनं आपला वाटा घातला तर तुमचं म्हणणं ठीक. पण शेवटच्या महिन्यात कर्मचाऱ्याकडून कापायचं आणि चलनात भरायचंच नाही, असं मी पाहिलंय. पासबुकमध्ये डिसेंबरची नोंद येईपर्यंत विश्वास ठेवू नये.

अनघा_जो · ७ जानेवारी

पासबुक तपासणं मान्य. तरी नोंद आली असेल तर मी परत मागणार नाही.

निखिल_बाणेर · ७ जानेवारी

माझाही प्रश्न इथेच विचारतो. मी आयटीत, अकरा वर्षांनी राजीनामा दिला, वय ३८. रजेचे ३,१०,००० मिळाले आणि त्यावर पूर्ण टॅक्स कापला. एचआर म्हणतं की सूट फक्त निवृत्त होणाऱ्यांना, शिवाय मी नव्या करपद्धतीत आहे.

मंजिरी_जीएसटी · ७ जानेवारी

दोन्ही कारणं चुकीची. कलम १०(१०एए) मधली सूट राजीनाम्यालाही लागते आणि नव्या पद्धतीतही मिळते. खासगी नोकरीतली कमाल मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३ लाखांवरून २५ लाख झाली, पण ती आयुष्यभराची एकत्र आहे, आधीच्या नोकरीत वापरली असेल तर तेवढी कमी होते. शिवाय तुमच्या शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी बेसिकची दहापट, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे जास्तीत जास्त ३० दिवस धरून उरलेल्या रजेची किंमत, या रकमाही काढायच्या. प्रत्यक्ष मिळालेले पैसे धरून या सगळ्यांत जो आकडा लहान तोच करमुक्त. तुमचं बेसिक महिन्याला ८०,००० च्या आसपास असेल तर दहापट ८ लाख होते, म्हणजे ३,१०,००० तिथे अडकत नाहीत. कंपनीनं ऐकलं नाही तर रिटर्न भरताना सूट घ्या, रजेचा हिशोब आणि राजीनाम्याचं पत्र जपून ठेवा. नोकरीत असताना दर वर्षी जी रजा विकतो तिला मात्र ही सूट नाही, ती पूर्ण करपात्र.

निखिल_बाणेर · ७ जानेवारी

बेसिक ७६,००० आहे. म्हणजे पूर्ण रक्कम बसते. फार आभार. नोटिशीचे कापलेले पैसे करातून वजा होतात का?

मंजिरी_जीएसटी · ७ जानेवारी

अहमदाबादच्या आयकर न्यायाधिकरणानं २०१७ मध्ये कर्मचाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला होता, की कापून हातात आला तेवढाच पगार करपात्र. फॉर्म १६ मध्ये बहुतेक कंपन्या तरीही पूर्ण पगार दाखवतात. असा दावा केलात तर विचारणा होईल ही तयारी ठेवा. आणि नव्या कंपनीनं तुमची नोटिशीची रक्कम भरून दिली असेल तर ती तुमच्या पगारात धरली जाते.

विश्राम_पेरोल · ८ जानेवारी

रेवतीताईंच्या हिशोबातली सगळ्यात मोठी गोष्ट अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून परत येतो.

चुका दुरुस्त केल्या तर हिशोब असा होतो. जमा १८,५८१ आणि १७,०७७, मिळून ३५,६५८. वजा ३२,००० नोटीस, १,११५ पीएफ, २०० व्यवसाय कर, मिळून ३३,३१५. म्हणजे तुम्ही २०,३०२ देणं लागत नाही, उलट २,३४३ तुमचं येणं आहे.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचा, 'शिल्लक रजा कमी पडलेल्या दिवसांत वळती करता येईल.' रजेचा एक दिवस विकला तर तुम्हाला ९२३ मिळतात, कारण तो बेसिकवर. नोटिशीचा एक दिवस कमी पडला तर १,६०० जातात, कारण तो ग्रॉसवर. दिवस तोच, दर दोन. म्हणून रजा विकून नोटीस भरण्यात दर दिवशी पावणेसातशेच्या आसपास तोटा आहे. साडेअठरा दिवस थेट वळते केले तर कमी पडतात फक्त दीड दिवस, त्यांचे २,४००. रजेचे पैसे मग काहीच मिळणार नाहीत. पण १८,५८१ मधून २,४००, १,११५ आणि २०० वजा केले की हातात १४,८६६ येतात. आधीच्यापेक्षा १२,५२३ जास्त.

हे प्रत्येकाला लागू नाही. ज्यांच्या पत्रात दोन्ही दर बेसिकवर आहेत आणि रजेला २६ व नोटिशीला ३० नं भागतात, त्यांनी रजा विकलेली बरी. ज्यांच्या पत्रात वळती करायची मुभाच नाही, त्यांना फक्त विनंती करता येते.

सुमित_के · ८ जानेवारी

मग त्यापेक्षा १२ डिसेंबरनंतर साडेअठरा दिवस पगारी रजेवरच राहायचं होतं. त्या दिवसांचा ग्रॉस पगारही मिळाला असता.

विश्राम_पेरोल · ८ जानेवारी

बरोबर बोललास, पैशात तो मार्ग सगळ्यात चांगला. पण तो सुटण्याआधी मंजूर करून घ्यावा लागतो. शिवाय ताई १५ तारखेला दुसरीकडे रुजू झाल्या, एकाच वेळी दोन कंपन्यांच्या पटावर नाव आलं असतं. आता तो रस्ता बंद.

रेवती_भोसरी · ८ जानेवारी

काका, हे मी चार वेळा वाचलं तेव्हा कळलं. 'कंपनीच्या संमतीनं' असं आहे, ते नाही म्हणाले तर?

विश्राम_पेरोल · ८ जानेवारी

नाही म्हणू शकतात. म्हणून ईमेलचे दोन भाग करा. पहिल्या भागात चुका: रजा ११ नव्हे साडेअठरा, दर ८०० नव्हे ९२३, नोटीस २४ नव्हे २० दिवस, जीएसटी शून्य, पीएफ १,११५. प्रत्येकापुढे पत्राचं कलम किंवा पेस्लिप जोडा. ही विनंती नाही, दुरुस्ती आहे. दुसऱ्या भागात रजा वळती करण्याची विनंती वेगळी लिहा, साहेबांनी १२ तारीख मान्य केली होती त्याचा उल्लेख करा. दोन्ही एकत्र लिहिलंत तर ते विनंती नाकारून दुरुस्त्याही बाजूला ठेवतील.

सहीच्या कागदाचं उत्तर एवढंच द्या की सुधारित स्टेटमेंट मिळाल्यावर सही करते. रिलीव्हिंग लेटर अडवण्याची भाषा फोनवर नको, ईमेलवर विचारा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक जण मागे सरतात.

प्रतिभा_सातारा · ८ जानेवारी

मला वाटतं लगेच लेबर ऑफिसची धमकी द्यावी.

हेमंत_चिंचवड · ८ जानेवारी

आत्ता नको. वळती करायला त्यांची संमती हवी आहे, ती दार बंद करून मिळणार नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मग जरूर.

रेवती_भोसरी · १४ जानेवारी

आज उत्तर आलं. जीएसटीची ओळ काढली. नोटीस २० दिवस मान्य. मागच्या ९ रजा धरल्या, दीड दिवस कमी केला, शिल्लक साडेअठरा मान्य. २६ चा दरही मान्य. पीएफबद्दल म्हणतात की चलन आधीच २,१७१ प्रमाणे भरलंय आणि कंपनीचा वाटाही भरलाय. पासबुकमध्ये अजून दिसत नाही. अनघाताई, दिसलं तर तुमच्यासारखंच मीही सोडून देईन, हातात १,०५६ कमी येतील एवढंच.

रजा वळती करण्याचं मात्र डायरेक्टर परदेशातून आल्यावर ठरवू म्हणाले. साहेबांनी शिफारस पाठवली आहे. सही अजून केलेली नाही.

विश्राम_पेरोल · १४ जानेवारी

छान झालं. वळती करायचं मान्य झालं तर एक पाहा. काही कंपन्या रजा वळती केली की शेवटचा दिवसही पुढे ढकलून ३० किंवा ३१ डिसेंबर टाकतात. तुमच्या रिलीव्हिंग लेटरवर आणि पीएफच्या पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट' १२ डिसेंबरच हवी. १५ तारखेला तुम्ही दुसरीकडे रुजू आहात, तारखा एकमेकींवर चढल्या की पुढे पीएफ ट्रान्सफरचा अर्ज अडकतो आणि दुरुस्तीसाठी याच कंपनीकडे परत यावं लागतं. सुधारित स्टेटमेंटवर सही करायच्या आधी ही तारीख ईमेलवर लेखी घ्या.

रेवती_भोसरी · १४ जानेवारी

आत्ताच विचारते. डायरेक्टरांचं उत्तर आलं की इथे लिहीन.